हिशोबाच्या एका कागदावर दोन वेगळे हक्क: कुपवाड-मिरजेच्या कारखानदारांना खुले पत्र

प्रति,
सांगली, मिरज व कुपवाड औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योजक आणि त्यांचे लेखापाल यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कुपवाडच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात टाइम ऑफिसचे काम करून निवृत्त झालो. हजेरीपट लिहिणे, पगारपत्रक करणे, भविष्य निर्वाह निधीचे म्हणजे पीएफचे चलन वेळेत भरणे आणि सोडून जाणाऱ्या माणसाचा हिशोब करून त्याची सही घेणे, हे माझे रोजचे काम होते. आता निवृत्तीनंतर ओळखीचे कामगार घरी कागद घेऊन येतात. त्यांचे कागद पाहताना एक चूक मला पुन्हा पुन्हा दिसते, आणि ती बहुतेक वेळा वाईट हेतूने झालेली नसते. नोकरी सोडणाऱ्या माणसाची ग्रॅच्युइटी आणि त्याचा पीएफ यांना आपल्याकडे एकाच पिशवीतले पैसे समजले जाते. एक मिळाले म्हणजे दुसरेही मिळाले, असे कामगार धरून चालतो आणि कधीकधी लेखापालही. हे पत्र मी मालकवर्गाला लिहीत आहे, कारण ही चूक दुरुस्त करणे आपल्या हाती आहे. कामगार नोकरी सोडतो तेव्हा त्याच्या हातात देण्याचा कागद आपणच तयार करता.

ही गोष्ट माझ्याच घरात घडली, म्हणून तिचा तपशील मला पक्का ठाऊक आहे. माझा धाकटा भाऊ टर्नर आहे. ३ जून २०१७ रोजी तो एका कारखान्यात लागला आणि १५ जानेवारी २०२५ रोजी रीतसर राजीनामा देऊन तेथून बाहेर पडला. मिरजेच्या वसाहतीत त्याला थोड्या अधिक पगाराचे काम मिळाले होते आणि ३ फेब्रुवारीपासून तो तेथे रुजूही झाला. जुन्या ठिकाणी त्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १४,३०० रुपये होते. शेवटच्या दिवशी त्याला चालू महिन्याच्या हजेरीचा पगार आणि शिल्लक रजेचे पैसे मिळाले. ग्रॅच्युइटीचे काय, असे त्याने विचारले तेव्हा लेखापाल सहज म्हणाले, "तुझं सगळं पीएफमध्ये जमा आहे, तिथून ऑनलाइन काढून घे." माझ्या भावाने ते खरे मानले. मलाही त्याने सात महिने काही विचारले नाही, कारण त्याच्या दृष्टीने विचारण्यासारखे काही उरलेच नव्हते.

या एका वाक्यात दोन चुका आहेत आणि दोन्ही नीट समजून घ्याव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली चूक अशी की ग्रॅच्युइटी पीएफमध्ये कधीच जमा होत नसते. पीएफ हे कामगाराचे स्वतःचे खाते आहे. त्याच्या वेतनातून १२ टक्के कापले जातात आणि तेवढेच आपण भरता. माझ्या भावाच्या बाबतीत दर महिन्याला त्याचे १,७१६ रुपये कापले जात आणि मालकाकडूनही १,७१६ रुपये जात. मालकाच्या या रकमेतील १,१९१ रुपये पेन्शन योजनेत वळवले जात आणि उरलेले ५२५ रुपये पीएफमध्ये राहत. हे पैसे आपल्या तिजोरीत राहत नाहीत. दर महिन्याला चलन भरले की ते भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे जातात आणि त्यावर व्याजही तेथेच जमा होते. ग्रॅच्युइटीचे मात्र तसे कोणतेही खाते नसते. कामगाराच्या पगारातून तिच्यासाठी एक रुपयाही कापला जात नाही. पाच वर्षे सलग सेवा झालेला माणूस ज्या दिवशी नोकरी सोडतो त्या दिवशी ते मालकाच्या अंगावरचे देणे होते, आणि ते देणे मालकानेच आपल्या पैशातून फेडायचे असते.

आता काही नेमणूकपत्रांत वार्षिक पॅकेजच्या आकड्यात ग्रॅच्युइटीच्या नावाने ४.८१ टक्के दाखवण्याची पद्धत आली आहे. पंधरा भागिले सव्वीस भागिले बारा, असा तो आकडा येतो. तो मालकाने आपल्या खर्चाचा केलेला अंदाज असतो. पण पगाराच्या कागदावर तो पाहून कामगाराला वाटते की आपले पैसे कापले जात आहेत आणि कोठेतरी जमा होत आहेत. तीन वर्षांत नोकरी सोडणारा मग ते परत मागतो आणि कायम कामगाराला पाच वर्षांआधी ते मिळत नाहीत हे कळल्यावर त्याला फसवल्यासारखे वाटते. असा आकडा दाखवायचाच असेल तर ही रक्कम कापलेली नाही, असे त्याखाली एका ओळीत लिहावे.

दुसरी चूक वेळेची आहे आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. नोकरी बदलली की ग्रॅच्युइटी देय होते, पण पीएफ देय होत नाही. ऐकायला हे उलटे वाटते, कारण लोक पीएफला सहज मिळणारा पैसा समजतात आणि ग्रॅच्युइटीला निवृत्तीचा. पण पीएफचे खाते माणसाबरोबर चालते. एक कारखाना सोडून दुसऱ्यात गेलेल्या माणसाचा एकच यूएएन क्रमांक असतो आणि जुनी शिल्लक नव्या मालकाच्या खात्यात वर्ग करायची असते. ग्रॅच्युइटी मात्र एका मालकाकडची सेवा संपली की तेथेच संपते आणि पुढच्या कारखान्यात पहिल्या दिवसापासून मोजणी नव्याने सुरू होते. माझा भाऊ मिरजेत रुजू झाला म्हणून त्याची आधीची साडेसात वर्षे तेथे मोजली जाणार नाहीत. त्या वर्षांचे पैसे जुन्या मालकाने देणे एवढाच मार्ग आहे आणि ते देण्याची मुदत नोकरी संपल्यापासून ३० दिवसांची आहे.

ही ३० दिवसांची मुदत अनेक लेखापालांना ठाऊक असते, पण तिचा अर्थ ते उलटा लावतात. कामगाराने ३० दिवसांत अर्ज केला नाही तर हक्क गेला, असे ते समजतात. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने कामगाराने अर्ज करावा असे म्हटले होते हे खरे. पण त्याच कायद्याने पुढे स्पष्ट म्हटले होते की अर्ज येवो वा न येवो, ग्रॅच्युइटी देय होताच मालकाने रक्कम ठरवावी, ती कामगाराला आणि ग्रॅच्युइटीचे वाद पाहणाऱ्या नियंत्रक प्राधिकाऱ्याला लेखी कळवावी आणि ३० दिवसांच्या आत द्यावी. कामगाराचा अर्ज उशिरा आला म्हणून हक्क बुडत नाही. उलट मालकाकडून उशीर झाला तर साधे व्याज द्यावे लागते आणि त्याचा दर वर्षाला १० टक्के आहे. म्हणजे ३० दिवसांच्या मुदतीने बांधलेला पक्ष मालकाचा आहे, कामगाराचा नव्हे.

ऑगस्टमध्ये माझ्या भावाने बोलता बोलता विषय काढला, तेव्हा मी त्याच्याकडून नियमांतील ‘आय’ नमुन्यात अर्ज लिहून घेतला आणि पोचपावती घेऊन तो जुन्या कारखान्यात दिला. आठवड्याभरात लेखापालांनी हिशोब करून ५०,०५० रुपयांचा आकडा सांगितला. तो कसा आला हे मी त्यांच्याकडूनच समजून घेतले. १४,३०० रुपयांना त्यांनी ३० ने भागले, पंधरा दिवसांचे ७,१५० रुपये धरले आणि सात पूर्ण वर्षांनी गुणले. गुणाकार बरोबर होता, पण भागाकारही चुकला होता आणि वर्षेही.

मासिक वेतनावरील कामगाराचा एका दिवसाचा पगार काढताना महिन्याला २६ ने भागायचे असते. रविवार सुट्टीचा असला तरी महिन्याचा पगार सव्वीस कामाच्या दिवसांसाठीच दिलेला असतो, हा त्यामागचा विचार आहे. १९८७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हे स्पष्टीकरण घातले गेले, त्यामुळे त्यावर वादाला जागा उरलेली नाही. १४,३०० भागिले २६ म्हणजे रोज ५५० रुपये आणि पंधरा दिवसांचे ८,२५० रुपये होतात. वर्षांचा नियम असा की पूर्ण वर्षांनंतर उरलेला काळ सहा महिन्यांपेक्षा अधिक असेल तर तो एक वर्ष धरायचा. माझ्या भावाची सेवा सात वर्षे, सात महिने आणि काही दिवस झाली होती, म्हणून ती आठ वर्षे ठरते. ८,२५० गुणिले ८ म्हणजे ६६,००० रुपये. लेखापालांच्या आकड्याहून हे १५,९५० रुपयांनी अधिक आहेत, म्हणजे त्याच्या एका महिन्याच्या वेतनाहून जास्त.

मी हा हिशोब एका कागदावर मांडून मालकांना भेटलो. ते सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी लेखापालांना समोर बोलावून आकडे पुन्हा करायला सांगितले आणि १५ सप्टेंबर २०२५ रोजी ६६,००० रुपये आणि त्यावर आठ महिन्यांचे व्याज ४,४०० रुपये, असा ७०,४०० रुपयांचा धनादेश दिला. प्रकरण नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे गेले नाही, म्हणून मी त्यांचा आभारी आहे. पण भावाने त्या दिवशी बोलता बोलता विषय काढला नसता, तर त्याची ही रक्कम त्याला कधीच मिळाली नसती, हे मला विसरता येत नाही.

वर्षे पूर्ण करून घेण्याच्या या नियमाचा एक चुकीचा वापरही होतो आणि तो कामगारांच्या बाजूने होतो, म्हणून त्यांनाही सांगायला हवे. साडेचार वर्षांनी सोडणारा मला विचारतो, "काका, सहा महिन्यांच्या वर असलं की वर्ष धरतात ना, मग माझी पाच झाली की." तसे होत नाही. सहा महिन्यांचा नियम रक्कम किती हे ठरवताना लागतो. रक्कम मिळणार की नाही हे ठरवताना पाच वर्षे सलग सेवा हीच अट असते. मात्र सलग सेवेची व्याख्या वर्षात २४० दिवस काम अशी आहे आणि आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी चालणाऱ्या आस्थापनेत ती १९० दिवसांची आहे. त्या आधारे पाचव्या वर्षात २४० दिवस भरलेल्या कामगाराला मद्रास उच्च न्यायालयाने पात्र मानले होते. हे मत देशभर बंधनकारक ठरलेले नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगेही नाही. पाचवे वर्ष पूर्ण व्हायला दोनच महिने उरले असताना राजीनामा देणाऱ्याला आपण एकदा थांबवून विचारावे. त्याला बहुधा ही अट ठाऊक नसते. मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास मात्र पाच वर्षांची अट लागत नाही. कामगार दुसऱ्या वर्षातच अपघातात गेला तरी त्याच्या वारसाला ग्रॅच्युइटी द्यावी लागते. हे विसरले जाते, कारण घरात दुःख असते आणि मागणारे कोणी नसते.

आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांत हंगामी कामगार पुष्कळ आहेत आणि त्यांचा हिशोब निराळा आहे. वर्षभर कामावर नसलेल्या हंगामी कामगाराला प्रत्येक हंगामामागे सात दिवसांच्या वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते, आणि कारखाना जितके दिवस चालला त्याच्या किमान ७५ टक्के दिवस तो कामावर असावा लागतो. गळिताच्या हंगामात कामावर असणाऱ्या माणसाने आपला हिशोब इंजिनिअरिंग कारखान्यातल्या भावाच्या हिशोबाशी ताडून पाहू नये, एवढेच येथे सांगतो.

आता पीएफकडे वळतो, कारण माझ्या भावाची अडचण ग्रॅच्युइटी मिळून संपली नाही. नोकरी बदलल्यावर पीएफ देय होत नाही, तो वर्ग होतो, असे मी वर म्हटले. वर्ग होण्यासाठी जुन्या मालकाने पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीख भरावी लागते. आपल्या कारखान्यांत हे काम महिनोन्महिने राहून जाते. जुन्या कारखान्यातल्या कारकुनाने आर्थिक वर्षाची फाइल आवरताना एकदाची ती तारीख भरली, पण १५ जानेवारीऐवजी ३१ मार्च २०२५ अशी भरली. नव्या कारखान्यात माझा भाऊ ३ फेब्रुवारीला रुजू झालेला होता. दोन ठिकाणची सेवा एकाच वेळी दिसू लागली आणि त्याचा वर्गणी हस्तांतराचा अर्ज फेटाळला गेला. मग जुन्या मालकासह संयुक्त घोषणापत्र करून तारीख दुरुस्त करून घ्यावी लागली, आणि कोल्हापूरच्या पीएफ कार्यालयाशी पत्रव्यवहारात बराच काळ गेला.

हे टाळणे सोपे आहे. ज्या दिवशी कामगार सुटतो त्याच महिन्याच्या चलनाबरोबर त्याची खरी तारीख भरावी. कामगाराने पोर्टलवर `Service History` उघडून पाहिले तर त्याला प्रत्येक कारखान्यासमोर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. सोडल्याची जागा रिकामी असेल किंवा दोन कारखान्यांच्या तारखा एकमेकींवर चढत असतील, तर पुढचा अर्ज अडू शकतो, हे तेथेच कळते. मालकाने तारीख भरलीच नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी कामगाराला `Mark Exit` या सोयीतून ती स्वतः भरता येते, मात्र तारीख शेवटची वर्गणी ज्या महिन्याची आहे त्याच महिन्यातील असावी लागते. हे त्याला सांगणारे कोणी नसते, म्हणून निघताना आपणच एका वाक्यात सांगावे.

माझ्या भावाला त्या अठरा दिवसांच्या मधल्या काळात कोणी तरी सांगितले होते की नवीन नोकरी आहे ते न दाखवता पीएफ काढून घे. हा सल्ला आपल्या वसाहतींत फार चालतो आणि काही ठिकाणी तो लेखापालच देतात. नोकरी सुटून बेकार राहिलेल्यालाच पूर्ण रक्कम काढता येते, आणि त्यासाठी आतापर्यंत दोन महिन्यांची अट होती. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने निर्णय घेतला की बेकार झालेल्याला ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम लगेच मिळावी आणि संपूर्ण रकमेसाठी १२ महिने, तर पेन्शनची रक्कम काढण्यासाठी ३६ महिने थांबावे. अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशी पोर्टलवर कोणती अट लागू आहे ते पाहावे. पण ज्याला अठरा दिवसांत दुसरी नोकरी लागली त्याचा मुद्दाच वेगळा आहे. तो बेकार नाही, म्हणून पैसे काढण्याचा प्रश्न येत नाही.

काढण्याने त्याचे आणखी दोन प्रकारे नुकसान झाले असते. पाच वर्षांपेक्षा कमी सेवेत पीएफ काढला तर त्यावर आयकर लागतो आणि खाते वर्ग केले तर आधीच्या मालकाकडची वर्षे या पाच वर्षांत जमा धरली जातात. त्याची एका कारखान्यातच साडेसात वर्षे झाली होती, म्हणून कराचा धोका त्याला नव्हता. पण पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. फॉर्म १०सी भरून त्याने पेन्शनची रक्कम उचलली असती, तर त्या साडेसात वर्षांवर पाणी पडले असते आणि मिरजेत दहा वर्षे पुन्हा नव्याने मोजावी लागली असती. आता मिरजेत रुजू झाल्यापासून अडीच वर्षांनी त्याची दहा वर्षे भरतील आणि ५८ व्या वर्षी त्याला मासिक पेन्शनचा हक्क मिळेल. वर्षांचा हिशोब दोन्हीकडे आहे, पण ग्रॅच्युइटीची वर्षे कारखान्याला चिकटलेली असतात आणि पेन्शनची वर्षे माणसाला चिकटलेली असतात, एवढे लक्षात ठेवले तर गोंधळ होत नाही.

निवृत्तीच्या वेळी दोन्ही एकत्र येतात आणि म्हणूनच तेव्हा गोंधळ सर्वांत जास्त होतो. ५८ व्या वर्षी निघणाऱ्याची ग्रॅच्युइटी त्याच दिवशी देय होते आणि पूर्ण पीएफही, कारण ५५ वर्षांनंतर निवृत्त झालेल्याला थांबावे लागत नाही. पीएफसाठी फॉर्म १९ आणि पेन्शनसाठी फॉर्म १०डी भरून तो कार्यालयाकडे जातो, ग्रॅच्युइटीसाठी तो आपल्याकडे येतो. अनेक ठिकाणी त्याला पुढील तारखांचे धनादेश दिले जातात आणि ‘खरेदीदाराकडून बिल सुटले की पुढचा हप्ता’ असे सांगितले जाते. ओळखीचा माणूस असतो, तो गप्प राहतो. कायद्यात हप्त्यांची सोय नाही. शिल्लक नोटीस पगार, हरवलेले गेज, पतसंस्थेचे कर्ज, अशा कारणांसाठी ग्रॅच्युइटीतून रक्कम वळती करण्याचीही सोय नाही. जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने केलेल्या नुकसानीमुळे माणसाला कामावरून काढले असेल तर नुकसानीपुरती रक्कम, आणि दंगा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा असेल तर पूर्ण किंवा काही रक्कम जप्त करता येते. पण राजीनामा देऊन किंवा निवृत्त होऊन निघणाऱ्या माणसाला यातले काही लागू होत नाही. न्यायालयाच्या जप्तीपासूनही ग्रॅच्युइटीला संरक्षण आहे, मग पतसंस्थेच्या पत्रावरून ती वळती कशी होईल?

मालकांची अडचण मला समजते, कारण मी तिजोरीच्या याच बाजूला बसलेला होतो. ग्रॅच्युइटी एकदम द्यावी लागते आणि लहान कारखान्यात ते जड जाते. पण हा खर्च अचानक येत नाही. १४,३०० रुपयांच्या वेतनावर वर्षाला ८,२५० रुपये म्हणजे महिन्याला सुमारे ६८८ रुपये बाजूला काढले तर रक्कम तयार असते. आयुर्विमा महामंडळाची समूह ग्रॅच्युइटी योजनाही त्यासाठी आहे. यात एक गोष्ट नेहमी निसटते, ती मात्र सांगतो. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर सर्व वर्षांसाठी मिळते. पीएफमध्ये प्रत्येक महिन्याची वर्गणी त्या महिन्याच्या वेतनावर असते, म्हणून जुनी वर्गणी पगार वाढल्याने बदलत नाही. ग्रॅच्युइटीत पगार १,३०० रुपयांनी वाढला की रोजचे ५० रुपये वाढतात आणि वीस वर्षे सेवा झालेल्या कामगाराच्या देण्यात एकाच दिवशी १५,००० रुपयांची भर पडते. म्हणून दर वाढीनंतर जुन्या वर्षांची तरतूदही पुरी करावी लागते. ती केली जात नाही आणि मग शेवटी पैसे कमी पडतात.

सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि जुन्या ग्रॅच्युइटी कायद्याची जागा तिने घेतली आहे. पंधरा दिवस, सव्वीसने भागणे, ३० दिवसांची मुदत ही चौकट तशीच आहे. दोन बदल मात्र आपल्या पगारपत्रकावर थेट परिणाम करतील. मुदतीच्या नेमणुकीवरील कामगाराला आता पाच वर्षे थांबावे लागत नाही, एका वर्षाच्या सेवेनंतर त्याला प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळते. आणि वेतनाची व्याख्या अशी झाली आहे की घरभाडे, प्रवास यांसारखे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरचा भाग वेतनात मिळवायचा. ज्याला एकूण २०,००० रुपये मिळतात आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून ८,००० रुपयेच आहेत, त्याचे वेतन ग्रॅच्युइटीसाठी १०,००० रुपये धरावे लागेल. एका वर्षामागे ४,६१५ ऐवजी ५,७६९ रुपये होतील. भत्त्यांच्या नावाखाली वेतन लहान ठेवण्याची जी सवय आपल्याकडे रुळली आहे, तिचा ग्रॅच्युइटीपुरता फायदा आता उरलेला नाही.

वीसपेक्षा कमी कामगार असल्याने पीएफ लागू नाही, म्हणून ग्रॅच्युइटीही नाही, असे समजणारे मालकही मला भेटले आहेत. पीएफची मर्यादा २० कामगारांची आहे, ग्रॅच्युइटीची १० कामगारांची, आणि एकदा ती लागू झाली की पुढे कामगार कमी झाले तरी लागूच राहते. चौदा कामगारांच्या कारखान्याचे पीएफ खाते नसले तरी ग्रॅच्युइटीचे देणे असू शकते.

माझी मागणी फार मोठी नाही. कामगार सुटतो तेव्हा त्याच्या हातात हिशोबाचे दोन स्वतंत्र कागद द्यावेत. एकावर ग्रॅच्युइटीचे वेतन, दिवसाचा दर, वर्षे, रक्कम आणि ती देण्याची तारीख असावी, आणि पात्र नसेल तर का नाही ते लिहावे. दुसऱ्यावर त्याचा यूएएन, सोडल्याची तारीख आणि शेवटच्या भरलेल्या चलनाचा महिना असावा. तो दुसरी नोकरी धरणार असेल तर ‘खाते वर्ग करा, काढू नका’ असे त्याला तोंडी सांगावे. कपाटातल्या जुन्या वारस नोंदीही याच निमित्ताने पाहाव्यात. लग्नाआधी आईचे नाव दिलेल्या किती जणांनी ते नंतर बदलले आहे, हे मी माझ्याच कार्यालयात मोजले होते आणि अर्ध्याहून अधिक नोंदी जुन्याच निघाल्या होत्या. पीएफच्या आणि ग्रॅच्युइटीच्या वारस नोंदी दोन वेगळ्या कागदांवर असतात आणि एक बदलली म्हणून दुसरी बदलत नाही.

माझ्या भावाच्या खात्याचे हस्तांतर गेल्या महिन्यात पूर्ण झाले. मिरजेच्या कारखान्यात त्याने रुजू होतानाच दोन्ही वारस नोंदी भरून दिल्या आणि त्यांची पोच आपल्याकडे ठेवली आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त टाइमकीपर, मिरज